चौथी उसळी
तिला ऑफिसात सगळे थांबाबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं. एकदा चहा घेऊन परत येताना दाराआडून तिने स्वतःच ऐकलं होतं, "थांबाबाईंना विचारलंत का?" आणि आत येऊन तिने शांतपणे उत्तर दिलं होतं, "विचारा की."

ऑफिस तसं लहानच होतं. दोन खोल्या आणि एक गच्ची, गच्चीत कुणाच्या तरी कुंड्या. संस्थांच्या निधीची गुंतवणूक कुठे आणि कशी करावी याचा सल्ला द्यायचा, हे काम. साहेब लोकांना भेटत, बोलत, हसवत. बाई आलेख बघायची. बावीस वर्षं ती बाजाराचे चढउतार कागदावर बघत होती. संगणक आला तरी मोठ्या कागदावर पेन्सिलीने रेघ ओढायची सवय काही सुटली नव्हती. खोडरबर कायम पर्समध्ये असायचं, लिपस्टिकच्या शेजारी.

त्यांचा सर्वांत जुना ग्राहक म्हणजे बस चालक-वाहकांचा निवृत्ती निधी. त्याचे अध्यक्ष स्वतः एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. खांदे रुंद, आवाज असा की मागच्या सीटवर झोपलेला माणूसही जागा व्हावा. त्यांच्यासोबत समितीत एक निवृत्त कंडक्टरबाई होत्या. त्यांना गप्प बसणं माहीतच नव्हतं, आणि आकडे त्यांना तोंडपाठ असायचे.

बाजाराचा निर्देशांक दहा हजारांवरून घसरायला लागला आणि आठ हजार आठशेच्या आसपास आला, तेव्हा बाईने समितीला शेअरमधून बाहेर काढलं होतं. पैसे रोख्यांत आणि ठेवींत गेले. कंडक्टरबाईंनी तेव्हाच सुनावलं होतं, "हजार-बाराशे पडल्यावर सांगताय होय! आधी नाही का सांगायचं?"

"आधी मला कळत नाही," बाई म्हणाली. "शिखर हे शिखर होतं, हे खाली आल्यावरच दिसतं. मी ज्योतिष नाही सांगत."

अध्यक्षांना हे उत्तर फार आवडलं. ते दोनदा म्हणाले, "ज्योतिष नाही सांगत," आणि हसले.

बाजार आठ हजारांपर्यंत गेला आणि तिथून उसळला. नऊ हजार पन्नास. वर्तमानपत्रांनी मंदी संपल्याचं जाहीर केलं. बाईच्या दादाने, तो दातांचा डॉक्टर, दवाखान्यातूनच फोन केला. मागे कुणाचं तरी तोंड उघडं असावं, कारण पाण्याचा आवाज येत होता.

"अगं, तळ लागला! मी घेतलं थोडं."

"दादा, पेशंटकडे बघ."

बाईने समितीला सांगितलं, थांबा. दोन-तीन महिन्यांत बाजार सात हजार दोनशेवर आला आणि कंडक्टरबाईंनी तिच्यासाठी डबाभर शेंगदाणे पाठवले.

खरी परीक्षा झाली ती दुसऱ्या उसळीला.

सात हजार दोनशेवरून बाजार असा काही सुटला, की आठ हजार साडेपाचशेपर्यंत थांबलाच नाही. जवळजवळ एकोणीस टक्के. आणि या वेळी तो दोनशे दिवसांच्या सरासरीच्या वरही गेला. साहेबांनी ती बातमी पाहिली आणि खुर्चीतून उठलेच.

"बाई, तुमची ती लांबची सरासरी. ओलांडली की! आता तरी?"

"ओलांडली, पण ती अजून खाली उतरतेय."

"म्हणजे?"

"उद्या समितीसमोर एकदाच सांगते. दोनदा सांगायचा कंटाळा येतो."

दुसऱ्या दिवशी समितीच्या खोलीत पंखा फरफरत होता आणि टेबलावर बसच्या जुन्या वेळापत्रकांचे गठ्ठे होते. बाईने कागद पसरला. सर्वांत आधी कंडक्टरबाई बोलल्या, "आम्ही दारात उभे आणि गाडी निघाली. एकोणीस टक्के गेले हातचे!"

"सांगते," बाई म्हणाली. "ही जाड रेघ म्हणजे गेल्या दोनशे दिवसांच्या भावांची सरासरी. रोज काय होतं? आजचा भाव आत येतो आणि दोनशे दिवसांपूर्वीचा बाहेर जातो. आज आत आले आठ हजार साडेपाचशे. बाहेर कोण गेलं?"

कंडक्टरबाईंनी चष्मा सरकवून कागदावर बोट नेलं. "नऊ हजार सहाशे."

"मोठा गेला, लहान आला. सरासरी उतरली. उद्याही तेच, परवाही तेच. बाजार चार दिवस या रेघेच्या वर बसलाय खरा, पण रेघच उताराला लागलीय. ती खाली येत गेली म्हणून तिला ओलांडणं सोपं झालं."

अध्यक्ष पुढे वाकले. "उताराच्या रस्त्यावर गाडी थोडी उडाली म्हणून चढ सुरू झाला असं नाही."

"नाही. आणि दुसरी गोष्ट, ही शिखरं बघा. दहा हजार. मग नऊ हजार पन्नास. आता साडेआठ हजारांच्या वर कुठेतरी. प्रत्येक शिखर आधीच्यापेक्षा बुटकं. तळही तसेच, आठ हजार, मग सात हजार दोनशे. जोवर या उसळीने आधीचं शिखर ओलांडलेलं नाही, तोवर ही मंदीतली उसळी आहे असंच मी धरणार. जोरात असली तरी. मंदीतल्या उसळ्या जोरातच असतात."

"आणि चुकलात तर?" कंडक्टरबाईंनी विचारलं.

"चुकले तर थोडं वर जाऊन घेऊ. सुरुवातीचा तुकडा हातचा जाईल. मी तो तुकडा सोडायलाच तयार आहे."

त्या दिवशी तिने एका कागदावर तीन ओळी लिहून समितीला दिल्या. एक, लांबची सरासरी उतरायची थांबून वर वळायला हवी. दोन, बाजार पुन्हा खाली आला तर तळ आधीच्या तळापेक्षा वर लागायला हवा. तीन, शेवटचं बुटकं शिखर ओलांडून आठवड्याचा शेवट त्याच्या वर व्हायला हवा. तिन्ही झाल्या की निम्मे पैसे शेअरमध्ये. अध्यक्षांनी तो कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला.

 परतताना लिफ्टमध्ये साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही चुकलात तर हा ग्राहक गेला."

"आणि मी बरोबर ठरले तर?"

"तर तुम्ही परत थांबा म्हणाल," साहेब उसासा टाकून म्हणाले. दोघंही हसले.

बाजार साडेआठ हजारांच्या वर टिकला नाही. अडीच-तीन महिन्यांत सहा हजार सहाशे. दादाने त्याही वेळी घेतलं होतं, एकोणीस टक्क्यांच्या अगदी टोकाला. तिसऱ्या उसळीतही त्याने घेतलं. बाजार सात हजार सातशेला जाऊन सरासरीला डोकं टेकवून परत फिरला, तेव्हा तो बहिणीच्या घरी जेवायला येऊन मुकाट्याने भात कालवत बसला.

"तुला एकदा तरी माझं ऐकावंसं का नाही वाटत?" तिने विचारलं.

"अगं, तू नाही म्हणालीस की मला वाटतं आपल्याला काहीतरी जास्त दिसतंय."

आईने दोघांच्या पानात आमटी वाढली आणि म्हणाली, "याचं लहानपणापासून असंच आहे. हिने पोहू नको म्हटलं की हा उडी मारायचा." दादाला हसू आवरलं नाही. भात नाकात गेला.

तिसऱ्या वेळीही बाई बरोबर ठरली आणि मग तिच्या आयुष्यात एक विचित्र गोष्ट झाली. लोक तिला मान द्यायला लागले. दुसऱ्या संस्थांनी तिला बोलावलं. साहेब तिची ओळख करून देताना म्हणत, "या आमच्या बाई. तीन खोट्या उसळ्यांत एकदाही फसल्या नाहीत." तिला ते ऐकायला आवडायचं. दुकानात भाजी घेतानाही ती जरा ताठ उभी राहायला लागली होती.

मग चौथी उसळी आली.

बाजार सात हजार सातशेवरून घसरला तेव्हा सगळ्यांनी धरलंच होतं की आता सहा हजार. पण तो सहा हजार आठशे पन्नासला थांबला. तिथे घुटमळला आणि हळूहळू, कुणाचं लक्ष नसताना, चढायला लागला. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर घेतलंच नाही. टीव्हीवरचे तज्ज्ञ म्हणाले, ही आणखी एक फसवी उसळी. कंडक्टरबाईंनी फोन करून सांगितलं, "बाई, आम्ही आता शहाणे झालोय. काही काळजी करू नका, आम्ही काही मागणार नाही."

बाई रोज पेन्सिलीने ठिपका ठेवायची. एके दिवशी तिची पेन्सिल थबकली. सरासरीची रेघ कालच्याच उंचीवर होती. दुसऱ्या दिवशी केसभर वर. आत येणारे भाव साडेसात हजारांच्या आसपास होते आणि बाहेर जाणारे त्याहून कमी, कारण दोनशे दिवसांपूर्वी बाजार शेवटच्या मोठ्या घसरणीत होता. लहान जात होते, मोठे येत होते. त्यानंतरच्या दोन शुक्रवारी बाजार सात हजार सातशेला टेकून थांबला. तिसऱ्या शुक्रवारी तो सात हजार सातशे ऐंशीला बंद झाला.

तिन्ही ओळी झाल्या होत्या.

साहेबांनी कागद बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. "नको हो बाई. तीनदा वाचलोय. चौथ्यांदा फसलो तर हसतील आपल्याला. थांबा म्हणा ना. तुम्हाला शोभतं."

"बघते," ती म्हणाली. आणि तिचं तिलाच नवल वाटलं, कारण तिला हो म्हणवत नव्हतं.

सोमवारी समितीची बैठक होती. सकाळी ती निघायच्या बेतात असताना दादाचा फोन आला. त्याने सहा हजार नऊशेला सगळं विकून टाकलं होतं आणि बाजाराचं नाव काढायचं नाही असं बायकोला वचन दिलं होतं.

"मला काही विचारायचं नाहीये," तो म्हणाला.

"मग फोन कशाला केलास?"

"सांगायला. आता तूसुद्धा घ्या म्हणायला लागलीस ना, तर या जगात विश्वास ठेवायला कुणीच उरणार नाही. तू आपली थांबच म्हणत जा. मला आधार वाटतो."

बसमध्ये बसल्या बसल्या तिने अहवालाच्या खाली आणखी एक ओळ लिहिली. चार, बाजाराने आठ हजार साडेपाचशेचं शिखरही ओलांडायला हवं. लिहिल्यावर तिला हायसं वाटलं. थांबा म्हणायला जागा झाली.

समितीच्या खोलीत साहेब आधीच पोचले होते. चौथी ओळ वाचून त्यांनी खाली मान घालून हसू दाबलं. कंडक्टरबाई म्हणाल्या, "बरोबर आहे. घाई नको."

अध्यक्षांनी खिशातून जुना कागद काढला. घड्यांवर तो फाटायला आला होता. त्यांनी तो बाईच्या अहवालाशेजारी ठेवला आणि एक एक ओळ बोटाने वाचली. पहिली, दुसरी, तिसरी. मग बोट रिकाम्या जागेवर थांबलं.

"बाई, ही चौथी ओळ आमच्या कागदावर नाही."

"नाही. नवीन आहे. जास्त खात्री असावी म्हणून."

"आणि ते शिखर ओलांडलं की?"

बाईने अहवाल जरा आपल्याकडे ओढला.

"मग नऊ हजार पन्नासचं ओलांडायला सांगाल का?" अध्यक्षांच्या आवाजात टोमणा नव्हता, ते खरोखरच विचारत होते. "आणि मग दहा हजारांचं? कारण तिथवर थांबायचं असलं तर मी आपला घरी जातो. बायको वाट बघतेय."

पंखा फरफरत होता. बाईने आपल्या अहवालाकडे बघितलं. वरच्या तीन ओळी छापलेल्या होत्या, चौथी बसच्या हादऱ्यांत लिहिलेली, वाकडीतिकडी.

"काका," ती म्हणाली, "ही ओळ मी आज सकाळी लिहिली. बाजाराकडे बघून नाही. मला थांबा म्हणायची सवय झालीय आणि थांबा म्हटलं की लोक माझं कौतुक करतात. हो म्हणायची भीती वाटली."

 मग कंडक्टरबाईंनी नाक ओढलं आणि म्हणाल्या, "अहो, मग पुसा की ती! खोडरबर नाही का तुमच्याकडे?"

"पेनने लिहिलीय," बाई म्हणाली, आणि सगळ्यांना एकदमच हसू फुटलं. साहेब सर्वांत जोरात हसले, बहुतेक घाबरून.

तिने ती ओळ दोन रेघांनी खोडली. मग उभं राहून नीट सांगितलं. सरासरी वर वळलीय. नवा तळ, सहा हजार आठशे पन्नास, आधीच्या सहा हजार सहाशेपेक्षा वर आहे. आणि सात हजार सातशेचं बुटकं शिखर ओलांडलंय, म्हणजे बुटक्या होत जाणाऱ्या शिखरांची रांग मोडली. "निम्मे पैसे आत्ता. उरलेले, बाजार एकदा खाली येऊन पुन्हा नवं शिखर करेल तेव्हा. आणि सहा हजार आठशे पन्नासच्या खाली गेला तर मी चुकले. बाहेर पडायचं, वाद न घालता."

"म्हणजे चुकू शकता?" कंडक्टरबाई.

"शकते. मागच्या तीन वेळांपेक्षा आज पारडं आपल्या बाजूला जड आहे, एवढंच सांगते."

अध्यक्षांनी हात वर केला. कंडक्टरबाईंनी जरा वेळ लावला, पण केला.

पुढचे तीन आठवडे वाईट गेले. निम्मे पैसे शेअरमध्ये गेले आणि बाजार लगेच घसरायला लागला. सात हजार सहाशे, सात हजार पाचशे, सात हजार चारशे वीस. साहेब दर तासाने तिच्या टेबलापाशी येत, कुंड्यांकडे बघत, आणि जात. त्यांनी त्या आठवड्यांत कुंड्यांना इतकं पाणी घातलं की खालच्या मजल्यावरून तक्रार आली.

"एक गंमत दाखवू?" तिने एका दुपारी त्यांना बसवलं. "बाजार पडतोय ना? सरासरी बघा."

साहेबांनी चष्मा पुसून बघितलं. "ही तर चढतेय!"

"कारण आता बाहेर जातायत ते सहा हजार सहाशेच्या आसपासचे दिवस. अगदी तळाचे. त्यांच्या जागी सात हजार चारशे आला तरी सरासरी वरच जाणार."

"म्हणजे आपण सुरक्षित?"

"छे. त्याने एवढंच कळतं की उतार संपलाय. सरासरी उशिरा बोलते, तिच्या एकटीच्या भरवशावर राहायचं नाही. मी बघतेय तळ कुठे लागतो ते. सहा हजार आठशे पन्नासच्या वर लागला तर पायरी चढलो."

पायरी सात हजार चारशेलाच लागली. चौथ्या आठवड्यात बाजार वळला, सहाव्यात तो आठ हजार पन्नासला बंद झाला. नवं, उंच शिखर. बाईने समितीला उरलेल्या निम्म्यासाठी फोन केला तेव्हा कंडक्टरबाईंनी आकडा ऐकायच्या आधीच "घ्या, घ्या" म्हटलं.

दादाने दुसऱ्या दिवशी फोन केला. "मी काही विचारत नाहीये."

"मी काही सांगत नाहीये."

"वहिनी शेजारी बसलीय तुझी."

"तिला फोन दे," बाई म्हणाली, आणि पुढची वीस मिनिटं त्या दोघी साड्यांबद्दल बोलल्या. मागून दादाचा "अगं, विचार तरी तिला!" असा आवाज येत राहिला.

वर्ष सरायच्या आत बाजार नऊ हजारांच्या पलीकडे गेला. त्यात ना कुणाला नवल उरलं ना भीती. समितीच्या पुढच्या बैठकीत गुंतवणुकीचा विषय सहा मिनिटांत आटोपला. अध्यक्षांनी आलेखावर नजर टाकली, "चढ आहे, चालू द्या," म्हणाले, आणि पुढच्या विषयावर आले. निवृत्त चालकांची वार्षिक सहल. भाड्याची बस एकच, आणि ती कुणी चालवायची यावर एक तास वाद झाला. चाळीस निवृत्त चालक, आणि मागे बसायला एकही तयार नाही.

"मी तर पुढेच बसणार," अध्यक्ष म्हणाले.

"पुढे बसून ब्रेक दाबत बसाल हवेत," कंडक्टरबाई म्हणाल्या. "मागच्या वर्षी पायाला गोळा आला होता यांच्या."

बाईने निघायला पर्स उचलली, तेव्हा अध्यक्षांनी तिला अडवलं. "तुम्ही पण चला बाई. समुद्रावर जाणार आहोत."

तिच्या ओठांवर नेहमीचा शब्द आला होता. विचार करते, असा काहीतरी, थांबाच्याच घरातला. तिने तो गिळला.

"येते," ती म्हणाली. "पण खिडकीची जागा हवी."

"खिडकीच्या सगळ्या जागा गेल्या," कंडक्टरबाई वहीत बघत म्हणाल्या, आणि मग त्यांनी स्वतःच्या नावावर रेघ मारली.